वर्ग केल्यावर तिसरं उत्तर आलं कुठून? (त्रिकोणमितीय समीकरण)

पाटीपेन्सिल

नमस्कार. दोन दिवस एकाच गणितावर अडले आहे, म्हणून धागा काढतेय. समीकरण हे:

```
2 sin x + cos x = 2,   0° ≤ x < 360°
```

मी cos x एकटा डावीकडे ठेवला आणि दोन्ही बाजूंचा वर्ग केला:

```
cos x = 2 - 2 sin x
cos² x = 4(1 - sin x)²
1 - sin² x = 4(1 - sin x)²
(1 - sin x)(1 + sin x) = 4(1 - sin x)²
(1 - sin x)(5 sin x - 3) = 0
sin x = 1   किंवा   sin x = 3/5
```

म्हणजे x = ९०°, ३६.८७° आणि १४३.१३°. उत्तरसूचीत मात्र पहिली दोनच आहेत. आमच्या क्लासमध्ये सांगितलंय की वर्ग केला की पडताळा घ्या, जादा उत्तरं येतात. तर मी पडताळा घेतला! sin x = 3/5 असेल तर cos x = 4/5, मग 2 × 3/5 + 4/5 = 2. जमलं की. मग १४३.१३° ने काय घोडं मारलंय? आणि मुळात एकही पायरी चुकलेली नसताना जादा उत्तर येतंच कसं, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही. "येतात" एवढंच सांगतात.

---

उगाच_एक

सोपंय. sin आणि cos दर ३६०° नंतर पुन्हा तेच होतात, त्यामुळे उत्तरं कितीही निघतात. जादा उत्तरं त्यातूनच येतात. कक्षेबाहेरची खोडायची, झालं.

---

पाटीपेन्सिल

पण १४३.१३° कक्षेतच आहे ना?

---

उगाच_एक

अरे हो. मग हे घे: वर्ग केला की नेहमी निम्मी उत्तरं खोटी निघतात. मी तरी असंच करत आलोय.

---

तिरकी_रेघ

तीन उत्तरांची निम्मी म्हणजे दीड का हो? :)

पाटीपेन्सिल, कॅल्क्युलेटर काढ आणि १४३.१३° सरळ मूळ समीकरणात घाल. sin घेऊन cos मनाने ठरवू नकोस, दोन्ही कॅल्क्युलेटरवरूनच घे. काय येतं ते इथे लिही.

---

पाटीपेन्सिल

बापरे. −1.78 च्या आसपास येतंय. पण मग ३६.८७° घातला तरी 2 येत नाही, −0.8 येतंय! म्हणजे दोन्ही खोटी?

---

तिरकी_रेघ

कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे तुझा. वर कोपऱ्यात R दिसत असेल, तो D कर. ३६.८७ रेडियन हा भलताच कोन झाला. खरं उत्तर खोटं ठरवण्याचा हा सर्वात खात्रीचा मार्ग, स्वानुभवाने सांगतो.

---

पाटीपेन्सिल

हो, R च होता. आता ३६.८७° ला 2 येतंय आणि १४३.१३° ला 0.4. म्हणजे १४३.१३° खरंच खोटं आहे. पण मग माझा हाताने घेतलेला पडताळा बरोबर कसा आला?

---

कोनमापक

पोरी, प्रश्न चांगला विचारलास. खरं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तुझ्या दोन वाक्यांत गुंतलेले. एकेक सोडवू.

आधी जादा उत्तर येतं कसं ते. तू पायऱ्या वरून खाली लिहिल्यास. "cos x हा 2 − 2 sin x इतका असेल, तर त्यांचे वर्गही सारखे असतील." शंभर टक्के खरं. आता तेच खालून वर वाच. "वर्ग सारखे असतील, तर मूळ संख्याही सारख्या असतील." हे खरं आहे का? 3 चा वर्ग 9 आणि −3 चाही 9. वर्ग सारखे असले की मूळ संख्या एक तर सारख्या असतात, नाही तर एकमेकींच्या उलट चिन्हाच्या. वर्गाला चिन्ह आठवत नाही.

म्हणून दुसऱ्या ओळीपासून तू एक समीकरण सोडवत नव्हतीस, दोन सोडवत होतीस:

```
cos x =  (2 - 2 sin x)     ← तुला दिलेलं
cos x = -(2 - 2 sin x)     ← न बोलावता आलेलं
```

दुसऱ्यात १४३.१३° घालून बघ. डावीकडे −4/5. उजवीकडे −(2 − 6/5), म्हणजे −4/5. चपखल बसलं! तेव्हा तुझं तिसरं उत्तर हवेतून पडलेलं नाही. ते या शेजारच्या समीकरणाचं अगदी खरं उत्तर आहे, फक्त तुझ्या घरी आलंय. पायरी एकही चुकलेली नाही, पण वर्गाची पायरी एकाच दिशेने चालते. परत यायचा रस्ता तिथे दुभंगतो.

आता तुझा पडताळा. तू "sin x = 3/5, म्हणून cos x = 4/5" असं लिहिलंस. हा 4/5 कुठून आणलास?

---

पाटीपेन्सिल

1 − 9/25 = 16/25, त्याचं वर्गमूळ 4/5. 3-4-5 चा त्रिकोण आहे तो.

---

कोनमापक

16/25 ची वर्गमुळं किती?

---

पाटीपेन्सिल

दोन. अच्छा... −4/5 पण.

थांबा. १४३.१३° दुसऱ्या चरणात आहे, तिथे cos ऋण असतो. म्हणजे मी पडताळा फक्त ३६.८७° चाच घेतला आणि १४३.१३° ला त्याच तिकिटावर आत सोडलं.

---

कोनमापक

बरोब्बर. बीजगणितात वर्गमुळाची समीकरणं सोडवताना x = 7 आला की 7 घालून बघतो आणि मोकळे होतो. तीच सवय इथे नडते. इथे तुझं समीकरण सुटून आधी sin ची किंमत येते, पण प्रश्नात कोन विचारलाय. sin x = 3/5 ही किंमत स्वतः ना खरी ना खोटी. तिच्या पोटात दोन कोन आहेत, एक खरा आणि एक खोटा. म्हणून पडताळा किमतीचा घ्यायचा नाही, कोनाचा घ्यायचा, आणि प्रत्येक कोनाचा वेगळा.

तोही पहिल्या ओळीत घ्यायचा, वर्गाच्या आधीच्या. काही मुलं पडताळा वर्ग केलेल्या ओळीत घेतात आणि तिथे अर्थातच तिन्ही कोन पास होतात. फिर्यादीलाच साक्षीदार केल्यासारखं ते.

---

निवांत_वाचक

माझ्या मुलाचंही हेच झालं परवा. sin 2x = cos x असं समीकरण होतं. त्याने 2 sin x cos x = cos x लिहून दोन्ही बाजूंना cos x ने भागलं, sin x = 1/2 आलं, ३०° आणि १५०° लिहिले. उत्तरसूचीत मात्र ९०° आणि २७०° सुद्धा होते. त्याचा अर्धा गुण गेला. पडताळा घेतला असता तर सापडलं असतं का हो?

---

तिरकी_रेघ

नाही ताई, हा त्याच्या बरोबर उलटा आजार आहे. cos x ने भागताना "cos x शून्य नाही" असं त्याने न सांगता गृहीत धरलं आणि ज्या कोनांना तो शून्य आहे ते दोन कोन गळून पडले. आता ३०° आणि १५०° चा कितीही पडताळा घेतला तरी दोन्ही पासच होणार, कारण ते खरेच आहेत. जे वहीत उतरलंच नाही त्याचा पडताळा कोण घेणार? भागायच्या ऐवजी सगळं एका बाजूला आणून cos x सामाईक काढायला सांगा.

वर्ग करण्यात निदान हे भय नाही. वर्गाने खरं उत्तर कधीच हरवत नाही, फक्त गर्दी वाढते. गर्दीतून माणूस शोधता येतो.

---

निवांत_वाचक

असं होय. मला वाटलं दोन्हीकडे एकच नियम. धन्यवाद, दाखवते त्याला.

---

उगाच_एक

मी मघाशी "निम्मी खोटी" म्हटलं ते अगदीच वाऱ्यावर नव्हतं बरं का. sin x + cos x = 1 घ्या. वर्ग करा, 1 + sin 2x = 1, म्हणजे sin 2x = 0. उत्तरं ०°, ९०°, १८०°, २७०°. पैकी ०° आणि ९०° खरी, बाकीची दोन खोटी. निम्मी! असं मी अनेकदा पाहिलंय.

---

कोनमापक

उगाचराव, तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे, पण त्याचं कारण वर्गात नाही, तुम्ही वर्ग करण्याआधी समीकरण कसं मांडलंत त्यात आहे. sin आणि cos दोन्ही एका बाजूला, आणि दुसरीकडे नुसती संख्या. आता x मध्ये १८०° मिळवले की sin चं चिन्ह उलटतं, cos चंही उलटतं, म्हणजे सगळी डावी बाजूच उलट्या चिन्हाची होते. वर्गाला तो फरक दिसत नाही. म्हणून प्रत्येक खऱ्या उत्तराच्या बरोबर समोर, १८०° वर, एक खोटं उत्तर उभं राहतं. ०° समोर १८०°, ९०° समोर २७०°. खरी जितकी, खोटी तितकी.

पण पाटीपेन्सिलने sin आणि cos वेगवेगळ्या बाजूंना ठेवून वर्ग केला. तिथे हे समोरासमोरचं नातं तुटतं.

पाटीपेन्सिल, तुझ्यासाठी घरचा अभ्यास. तेच समीकरण घे, पण या वेळी 2 sin x एकटा ठेव आणि cos x पलीकडे पाठव. मग वर्ग कर. काय दिसतं ते इथे येऊन सांग.

---

पाटीपेन्सिल

केलं:

```
2 sin x = 2 - cos x
4(1 - cos² x) = 4 - 4 cos x + cos² x
5 cos² x - 4 cos x = 0
cos x = 0   किंवा   cos x = 4/5
```

cos x = 0 वरून ९०° आणि २७०°. cos x = 4/5 वरून ३६.८७° आणि ३२३.१३°. या वेळी प्रत्येक कोन वेगळा घातला:

९०° ला 2 + 0 = 2, खरं.
२७०° ला −2 + 0 = −2, खोटं.
३६.८७° ला 6/5 + 4/5 = 2, खरं.
३२३.१३° ला −6/5 + 4/5 = −2/5, खोटं.

म्हणजे खरी तीच दोन, पण खोटी पूर्णपणे वेगळी! १४३.१३° या वेळी आलाच नाही. समीकरण तेच, मी तीच, आणि भुतं दर खेपेला वेगळी.

---

कोनमापक

हेच तुझ्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. खरी उत्तरं समीकरणाची असतात, ती कुठल्याही वाटेने गेलीस तरी भेटतात. खोटी उत्तरं समीकरणाची नसतात, तू निवडलेल्या वाटेची असतात. पहिल्या वाटेवर शेजारी होता cos x = −(2 − 2 sin x), दुसऱ्या वाटेवर 2 sin x = −(2 − cos x). शेजारी बदलला की पाहुणेही बदलले.

आणखी एक गंमत सांगतो. पहिल्या वाटेवर तुला एकच खोटं उत्तर आलं, कारण शेजाऱ्याच्या दोन उत्तरांपैकी एक ९०° होतं. ९०° ला cos x शून्य आणि 2 − 2 sin x सुद्धा शून्य. शून्याला चिन्ह नसतं, त्यामुळे तो कोन दोन्ही घरचा जावई.

---

उगाच_एक

अहो मग पडताळ्याची कटकटच कशाला? दोन्ही वाटांनी सोडवायचं आणि सामाईक उत्तरं घ्यायची! ९०°, ३६.८७°. काम फत्ते.

---

तिरकी_रेघ

आणि दोन्ही वाटांवर चुकून तेच भूत आलं तर?

---

कोनमापक

तपासून बघू, कल्पना वाईट नाही. समजा एखादा कोन दोन्ही यादीत आला आणि तरीही खोटा आहे. मग त्याला दोन्ही शेजाऱ्यांची समीकरणं पाळावी लागतील. पहिला शेजारी सोडवून मांडला तर म्हणतो 2 sin x − cos x = 2. दुसरा म्हणतो 2 sin x − cos x = −2. एकच राशी एकाच वेळी 2 आणि −2 असणार नाही. म्हणजे या समीकरणात सामाईक भूत असूच शकत नाही. उगाचरावांची युक्ती इथे खरी आहे, मलाही ती अशी लिहून काढल्यावरच पटली.

पण उजवीकडे 2 च्या जागी शून्य असतं तर? 2 sin x + cos x = 0. मग दोन्ही वाटांनी वर्ग केला तरी 4 sin² x = cos² x हेच येतं. वाटा दोन नाहीतच, आणि भुतंही तीच. तिथे ही युक्ती ढेपाळते. (तिथे वर्ग करायची गरजच नाही, सरळ tan x = −1/2, ही गोष्ट वेगळी.)

बाकी वेगळ्या आकाराच्या समीकरणांबद्दल मी हमी देत नाही. शिवाय दोन वेळा सोडवण्यापेक्षा तीन कोन घालून बघणं स्वस्त पडतं.

---

तिरकी_रेघ

मला तर मुळात वर्ग करणंच पटत नाही. 2 आणि 1 या सहगुणकांवरून √5 काढा आणि सगळं एका sin मध्ये गुंडाळा:

```
√5 sin(x + 26.57°) = 2
sin(x + 26.57°) = 0.8944
x + 26.57° = 63.43°   किंवा   116.57°
x = 36.87°   किंवा   90°
```

२६.५७° म्हणजे ज्याचा tan 1/2 आहे तो कोन. भूत नाही, पडताळा नाही, शेजारी नाही. प्रत्येक पायरी दोन्ही दिशांनी चालते. मग मुलांना आधी खड्ड्यात ढकलून नंतर दोर का टाकायचा?

---

कोनमापक

या गणितापुरतं मान्य. पण ही रीत चालते ती sin आणि cos एकाच कोनाचे, पहिल्या घाताचे असतील तेव्हा. समीकरणात वर्गमूळच असेल, किंवा एका बाजूला sin आणि दुसरीकडे cos ची वाकडी राशी असेल, तर तुमची √5 ची पिशवी रिकामी. मग वर्ग करावाच लागतो, आणि त्या वेळी भूत कसं ओळखायचं हे माहीत नसेल तर पंचाईत.

---

तिरकी_रेघ

परीक्षेतली दहापैकी नऊ गणितं याच आकाराची असतात. मी माझ्या शिकवणीत हीच रीत आधी शिकवणार. तुमचं चालू द्या.

---

पाटीपेन्सिल

तुमचं भांडण चालू असताना मध्ये विचारते. कॅल्क्युलेटर परीक्षेत नसतो. कोन न घालता खोटं उत्तर ओळखायची काही खूण आहे का?

---

कोनमापक

आहे, आणि मला स्वतःला तीच जास्त आवडते. वर्ग करण्याच्या आदल्या ओळीवर थांब आणि दोन्ही बाजूंच्या चिन्हांकडे बघ.

```
cos x = 2 - 2 sin x
```

sin x कधीच 1 च्या वर जात नाही, म्हणून उजवी बाजू कधीच ऋण होत नाही. मग डावी बाजूही ऋण असून चालणार नाही. तिथेच समासात लिही: cos x ≥ 0. आता बिनधास्त वर्ग कर. शेवटी कोन आले की प्रत्येकाचं चरण बघ. १४३.१३° दुसऱ्या चरणात, cos ऋण, बाद. एक आकडाही मोजावा लागला नाही.

दुसऱ्या वाटेवर 2 − cos x हा नेहमी किमान 1 असतो, म्हणून sin x धनच हवा. २७०° आणि ३२३.१३° दोन्ही ठिकाणी sin ऋण. दोघेही एका फटक्यात बाद.

आणि ही नुसती चाळणी नाही. वर्ग सारखे आहेत आणि चिन्हंही जुळतात, तर मूळ संख्या सारख्याच असणार, तिसरा पर्याय उरत नाही. म्हणून या अटीतून जो कोन पार पडला तो खराच. फक्त आकडेमोडीत कुठे घसरली असशील तर ते चिन्हावरून कळणार नाही. कोन प्रत्यक्ष घालून बघितला तर तेही कळतं. माझ्या वहीत मी दोन्ही करतो, वेळ नसेल तर चिन्ह.

मात्र उजवी बाजू कधी धन कधी ऋण अशी असेल, तर तिची अट प्रत्येक कोनाला वेगळी तपासावी लागते. तेव्हा सरळ कोन घातलेलाच बरा.

---

निवांत_वाचक

हे समासात अट लिहिण्याचं आवडलं. मुलाला सांगितलं तर म्हणतो, "समासात लिहिलं की गुण कापतात." काय बोलणार!

---

पाटीपेन्सिल

शेवटचा प्रश्न, खरंच शेवटचा. सार्विक उकल विचारली तर? आम्हाला sin x = sin α साठी x = nπ + (−1)ⁿα हे सूत्र दिलंय. sin x = 3/5 ला ते लावलं तर खोटी उत्तरं कशी काढायची? n तर अनंत आहेत.

---

कोनमापक

त्या सूत्रात n सम असेल तेव्हा पहिल्या चरणातले कोन मिळतात आणि विषम असेल तेव्हा दुसऱ्या चरणातले. (−1)ⁿ तेवढ्यासाठीच तिथे बसवलाय. म्हणजे तुझी सगळी भुतं विषम n वर बसली आहेत. n = 1 ला π − α, तोच तुझा १४३.१३°. विषम n फेकून दे, n = 2k ठेव, आणि उरतं

```
x = 2kπ + α,       sin α = 3/5, α पहिल्या चरणात
x = 2kπ + π/2
```

सूत्र जसंच्या तसं उत्तर म्हणून लिहिलं की अनंत खरी आणि अनंत खोटी उत्तरं एकाच ओळीत जातात. वर्ग केल्यावर हे सूत्र डोळे झाकून वापरायचं नाही. आधी एका फेरीतले खरे कोन ठरव, मग त्यांत 2kπ मिळव.

---

तिरकी_रेघ

"एका फेरीत ठरव आणि 2kπ मिळव" यावर माझी एक शंका. हे घ्या: 2 sin(x/2) = 1. वर्ग करा, अर्धकोनाचं सूत्र लावा:

```
4 sin²(x/2) = 1
2(1 - cos x) = 1
cos x = 1/2
```

० ते ३६०° मध्ये ६०° आणि ३००°. पडताळा: sin ३०° = 1/2, sin १५०° = 1/2. दोन्ही खरी, एकही भूत नाही. आता तुमच्या म्हणण्याप्रमाणे ३६०° च्या पटी मिळवा. पुढचा कोन ४२०°.

---

पाटीपेन्सिल

४२०° चा अर्धा २१०°. sin २१०° = −1/2. म्हणजे डावीकडे −1 येतं. खोटं!! पण ६०° तर खरं होतं?

---

कोनमापक

पकडलंत मला. "एक फेरी" म्हणजे मूळ समीकरणाची फेरी, हे मी बोललो नाही. x/2 असल्यामुळे मूळ समीकरण ७२०° नंतर परत फिरतं, पण वर्ग करून cos x वर आलं की ते ३६०° नंतरच फिरायला लागतं. वर्गाने फेरीच अर्धी केली. भुतं पहिल्या ३६०° मध्ये नाहीतच, ती पुढच्या ३६०° मध्ये लपली आहेत. पडताळा ० ते ७२०° पर्यंत घ्यायचा: ६०° आणि ३००° खरे, ४२०° आणि ६६०° खोटे. मग सार्विक उकलीत ७२०° च्या पटी मिळवायच्या, ३६०° च्या नाहीत.

---

उगाच_एक

म्हणजे निम्मी खोटी! चारात दोन! आणि त्यातलं एक साक्षात ४२०. नावाला जागलं.

---

पाटीपेन्सिल

:D :D वहीत त्याच्यापुढे तेच लिहिते.

पुढच्या प्रकरणात एक गणित आहे, त्यात दोन वर्गमुळं आहेत आणि दोनदा वर्ग करावा लागतो. तिथे शेजारी किती? दोन की चार? उद्या सोडवून बघते आणि इथेच टाकते.

---

तिरकी_रेघ

टाक. माझा अंदाज चार, पण सगळ्यांची उत्तरं वास्तव असतीलच असं नाही.

---

कोनमापक

मी अंदाज सांगत नाही. प्रत्येक वर्गाच्या आदली ओळ मात्र नीट लिही, ती नसेल तर मलाही काही सांगता येणार नाही.